गोळी चुकली ती कुणामुळे?

मोबाईलवर बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात पाच मिनिटं बसलं तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे, बरोबर डोक्यावर मारली होती!" समोरचा मात्र ठणठणीत जिवंत असतो, आणि पुढच्या दोन सेकंदांत यालाच आडवा करून जातो. शूटर खेळ बनवणारे लोक या एका तक्रारीवर महिनोन्‌महिने घालवतात. गोळी चुकली हे तर खरंच, पण ती चुकली कुणामुळे? हातामुळे, नशिबामुळे की खेळामुळे? याचं उत्तर खेळाडूला स्वतःला देता आलं, तर तो चरफडतो आणि पुन्हा खेळायला बसतो. ते देता आलं नाही, तर 'गन बोगस आहे' म्हणून मोकळा होतो.

उत्तर मिळावं म्हणून डिझायनर बंदुकीचं वागणं तीन भागांत तोडतो. पहिला भाग रिकॉइल, म्हणजे प्रत्येक गोळीगणिक नळी वर किंवा बाजूला उचलणारा झटका. दुसरा स्प्रेड, म्हणजे नेम जिथे आहे त्याच्या आसपास गोळीचं थोडं इकडेतिकडे जाणं. तिसरा एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला खेळाने गुपचूप लावलेला हातभार. पहिला भाग खेळाडूने शिकायचा, दुसरा नशिबावर सोडायचा आणि तिसरा खेळाने उचलायचा. तिघांची सरमिसळ झाली की घोळ सुरू होतो.

रिकॉइल कसा असावा हे समजून घ्यायला 'काउंटर-स्ट्राइक'मधल्या एके-47 इतकं चांगलं उदाहरण नाही. तीस गोळ्यांचं मॅगझिन, मिनिटाला 600 गोळ्यांचा वेग, म्हणजे दर दशांश सेकंदाला एक गोळी. भिंतीसमोर उभं राहून, माउस अजिबात न हलवता पूर्ण मॅगझिन रिकामं केलं, तर भिंतीवर भोकांची एक रेघ उमटते. पहिल्या सात-आठ गोळ्या जवळजवळ सरळ वर चढतात, मग रेघ आडवी झोकांडी खाते, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या. दुसरं मॅगझिन घाला, पुन्हा तीच रेघ. उद्या, परवा, दुसऱ्या देशात, दुसऱ्या संगणकावर, तीच. ही रेघ कुणी हाताने काढलेली नाही. एका ठरलेल्या बीज-आकड्यावरून ती तयार होते, आणि तो आकडा त्या बंदुकीपुरता कायमचा ठरलेला असतो. त्यामुळे 'यादृच्छिक' दिसणारी ही वेडीवाकडी रेघ प्रत्यक्षात पाठ करण्याजोगी आहे.

आपल्याकडे कॅरमचा एक कोपरा जरा उतरता असतो, आणि रोज त्याच बोर्डावर खेळणारा त्या उताराचा हिशेब धरूनच स्ट्रायकर मारतो. एके-47 चा झटका असा उतार आहे. नवख्याला तो अन्याय वाटतो, मुरलेल्याला तेच हत्यार. माउस खाली ओढत, मग रेघेच्या उलट बाजूला सरकवत गोळ्या एका जागी आणायला लोक रिकाम्या मॅपवर तासन्‌तास भिंती पोखरत बसतात. त्या सरावाचं फळ मिळतं, म्हणून बंदूक न्याय्य वाटते.

पण या बंदुकीत एक गंमत आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. झटक्याने गोळी जितकी वर जाते, तितका पडद्यावरचा देखावा वर जात नाही. 'सीएस:गो'मध्ये यासाठी `view_recoil_tracking` नावाचा आकडा होता आणि त्याची मूळ किंमत 0.45. म्हणजे नेम एक अंश वर गेला, तर डोळ्यासमोरचं दृश्य अर्ध्यापेक्षाही कमी उचललं जाई, आणि मधला क्रॉसहेअर दृश्यासोबतच मागे राही. लांबलचक स्प्रेमध्ये गोळ्या क्रॉसहेअरच्या वर लागतात, त्या यामुळे. 'काउंटर-स्ट्राइक 2' मध्ये क्रॉसहेअरने झटक्यामागे जावं अशी सोय सेटिंगमध्ये दिली आहे. ती चालू केल्यावर आपण इतकी वर्षं कुठे मारत होतो ते पहिल्यांदा दिसलं, असं म्हणणारे जुने खेळाडू कमी नाहीत.

दृश्य आणि नेम असे वेगळे का करायचे? बंदुकीत दम आहे असं वाटलं पाहिजे, आणि तरीही लढाई पाहता आली पाहिजे, म्हणून. कॅमेरा पूर्ण झटक्यानिशी वर गेला तर पाचव्या गोळीला शत्रू पडद्याच्या तळाशी गेलेला असतो. अजिबात हलला नाही तर बंदूक पिचकारीसारखी वाटते. म्हणून दम आवाजातून, नळीच्या ज्वाळेतून, हातातल्या बंदुकीच्या मागेपुढे होण्यातून द्यायचा आणि खऱ्या नेमाला कमी हात लावायचा, ही या धंद्यातली जुनी युक्ती. माझ्या मते ती अर्धी फसवणूकच आहे, पण गोड फसवणूक. ती अंगाशी येते ती एकाच ठिकाणी: कॅमेरा जोरात थरथरतो आणि नेम मात्र स्थिर असतो, तेव्हा खेळाडू नसलेला झटका सावरायला जातो आणि स्वतःच नेम बिघडवतो.

आता स्प्रेड. इथे सगळं गणित एका शंकूचं आहे. नळीच्या तोंडापासून पुढे एक अदृश्य शंकू पसरतो आणि गोळी त्याच्या आत कुठेतरी जाते. समजा, मधल्या रेषेपासून शंकूची कड एक अंशावर आहे. शत्रू 25 मीटरवर उभा असेल, तर तिथे शंकूचं वर्तुळ मध्यापासून सुमारे 44 सेंटिमीटरचं होतं. डोकं मध्यापासून 12 सेंटिमीटरचं गोल धरू. नेम अगदी डोक्याच्या मधोमध आहे. गोळी वर्तुळात सगळीकडे सारख्या शक्यतेने जाणार असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने शंभरातल्या सात-आठच डोक्याला लागतील. खेळाडूने काहीही चुकवलेलं नाही आणि बाकी नव्वदावर गोळ्या वाया. 'बरोबर डोक्यावर मारली होती' ही तक्रार अशा वेळी शंभर टक्के खरी असते.

मग शंकू लहान करायचा? करता येतो, पण त्याआधी एक बारीक गोष्ट पाहायला हवी. गोळी वर्तुळात कुठे टाकायची हे कोडमध्ये दोन पद्धतींनी ठरवता येतं. मध्यापासूनचं अंतर थेट शून्य ते 44 च्या दरम्यान सरसकट निवडलं, तर गोळ्या मध्याकडे दाटतात आणि कडेला विरळ होतात. मग त्याच शंकूत डोक्याला लागणाऱ्या गोळ्या शंभरात सत्तावीस होतात. बाहेरून दिसणारं काहीच बदललं नाही. सर्वांत वाईट गोळी अजूनही तितकीच लांब जाते, कागदावर स्प्रेड अजूनही एक अंशच आहे, आणि बंदूक मात्र साडेतीन पट अचूक झाली. नवशिका प्रोग्रामर गणिताच्या पुस्तकात पाहून पहिली, 'शुद्ध' पद्धत वापरतो आणि मग बंदूक का आवडत नाही म्हणून डोकं खाजवतो. माणसाचा हात मध्याजवळ जास्त आणि कडेला कमी चुकतो. म्हणून मध्याकडे दाटलेला स्प्रेड डोळ्याला ओळखीचा वाटतो.

नेहमीची रचना अशी असते: पहिली गोळी जवळपास जिथे दाखवाल तिथे जाते, मग प्रत्येक गोळीगणिक शंकू फुगत जातो, आणि बोट उचललं की आकसतो. वरच्याच उदाहरणात पहिल्या गोळीला पाव अंश ठेवू. 25 मीटरवर ते वर्तुळ 11 सेंटिमीटरचं, म्हणजे पूर्णपणे डोक्याच्या आत. नेम बरोबर असेल तर पहिली गोळी लागणारच. पुढे प्रत्येक गोळीला 0.15 अंश वाढवले की सहाव्या गोळीला आपण त्या एक अंशावर पोहोचतो. खेळाडूला नकळत एक सौदा समजतो, की दूरच्याला एकेक गोळी आणि जवळच्याला झड. पळतानाही शंकू फुगतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये आपला वेग कमाल वेगाच्या साधारण एक-तृतीयांशाच्या खाली आल्याशिवाय गोळी नीट जात नाही, म्हणून तिथले खेळाडू गोळी मारण्याआधी उलट दिशेची कळ दाबून जागच्या जागी थांबतात.

हे सगळं खेळाडूला दिसलं तरच न्याय्य. क्रॉसहेअरच्या चार रेघा शंकूसोबत फाकल्या पाहिजेत, आणि तितक्याच फाकल्या पाहिजेत. तपासणी अगदी साधी आहे. रिकॉइल बंद करायचा, भिंतीवर दोनशे गोळ्या मारायच्या आणि भोकांच्या वर क्रॉसहेअर ठेवून पाहायचा. भोकं रेघांच्या बाहेर पडत असतील तर खेळ खोटं बोलतोय. दिसायला सुबक म्हणून क्रॉसहेअर लहान काढण्याचा मोह आर्टिस्टना फार होतो, आणि तक्रारींचं मूळ अनेकदा तिथेच सापडतं.

याउलट, कधीकधी खोटं बोलणं भाग पडतं. नेटवर्कवरच्या खेळात गोळी कुठे गेली हे सर्व्हर ठरवतो, पण निकालाची वाट न पाहता आपल्या संगणकाला लगेच भोक दाखवावं लागतं. दोघांनी एकच बीज-आकडा वापरला तर दोघांची भोकं जुळतात. पण मग लबाड खेळाडूचा प्रोग्रामही तो आकडा वाचतो, गोळी कुठे भरकटणार हे आधीच काढतो आणि तेवढा नेम उलट सरकवून ठेवतो. स्प्रेड त्याच्यापुरता उरतच नाही. म्हणून 'सीएस:गो'मध्ये `sv_usercmd_custom_random_seed` आलं: सर्व्हर आपला वेगळा आकडा वापरतो. लबाडी थांबली, पण तुमच्या पडद्यावरचं भोक आणि सर्व्हरवरचं भोक यांची फारकत झाली. ही किंमत मोजणं मला योग्य वाटतं. ज्याला 'मला लागलेली दिसली' म्हणून राग येतो, त्याला मात्र हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे जिथे एकाच लॉबीत स्वस्त फोन आणि महागडा फोन शेजारी खेळतात, तिथे सर्वांत वाईट चूक वेगळीच असते. झटक्यानंतर नळी खाली येते, त्या परतीच्या कोडमध्ये ती लपलेली असते. घाईत लिहिलेली ओळ अशी असते:

```
recoil = recoil * 0.9
```

म्हणजे दर फ्रेमला उरलेल्या झटक्याचा दहावा हिस्सा कमी करा. वाचायला निरुपद्रवी. पण स्वस्त फोन सेकंदाला 30 फ्रेम दाखवतो, मधला 60 आणि महागडा 120. दोन गोळ्यांमध्ये दशांश सेकंद आहे, म्हणजे पहिल्याला 3 फ्रेम मिळतात, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 12. प्रत्येक गोळी नळीला एक अंश वर ढकलते असं धरून सलग झड मारली, तर पुढची गोळी सुटताना नळी किती वर असते? स्वस्त फोनवर सुमारे 2.7 अंश, मधल्यावर 1.1, महागड्यावर 0.4. बंदूक तीच, सेटिंग तीच, आणि एकाच्या हातात तोफ तर दुसऱ्याच्या हातात लेझर! ऑफिसात सगळ्यांकडे सारखेच चांगले फोन असतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हे कळतही नाही. इलाज एका ओळीचा आहे, परतीचा हिशेब फ्रेमवर न करता वेळेवर करायचा:

```
recoil = recoil * exp(-6.3 * dt)
```

इथे `dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेले सेकंद. आता तिन्ही फोनवर नळी 1.1 अंशालाच टेकते. फोन बदलला आणि 'माझा रिकॉइल कंट्रोल सुधारला' असं कुणी म्हणालं, तर कोड लिहिणाऱ्याने पहिल्यांदा ही ओळ शोधावी. खेळाडूचं कौतुक नंतर.

एम असिस्टबद्दल सगळ्यांत जास्त भांडणं होतात, आणि बहुतेक भांडणांत मुद्दाच हरवलेला असतो. माउस आणि कंट्रोलरची काडी यांत फरक अचूकतेचा नंतर येतो. आधी प्रश्न आहे हात काय सांगतो याचा. माउस सांगतो 'किती वळायचं'. काडी सांगते 'किती वेगाने वळायचं'. माउस थांबवला की दृश्य तिथेच थांबतं. काडीने थांबायचं तर नेमक्या क्षणी अंगठा सोडावा लागतो.

25 मीटरवरचा माणूस, खांद्यापासून खांद्यापर्यंत अर्धा मीटर धरला, तर डोळ्यासमोर सव्वा अंशाहूनही कमी रुंद असतो. काडी पूर्ण ढकलून सेकंदाला 200 अंश वळत असू, तर 60 फ्रेमच्या खेळात एका फ्रेममध्ये दृश्य 3 अंशांहून जास्त सरकतं. क्रॉसहेअर शत्रूवर येतच नाही, त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जातो. अगदी हळू, सेकंदाला 30 अंशांनी सरकवलं तरी तो शत्रूवर जेमतेम 40 मिलिसेकंद असतो. माणसाला काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात. म्हणजे असिस्टशिवाय काडीने नेम धरणं हे कौशल्य कमी आणि जुगार जास्त.

म्हणून शत्रूभोवती त्याच्या अंगापेक्षा मोठा एक अदृश्य फुगा ठेवतात, समजा 3 अंश रुंद. क्रॉसहेअर त्यात शिरला की वळण्याचा वेग 60 टक्क्यांनी कमी. 30 अंशांचे झाले 12, आणि फुगा ओलांडायला लागले 250 मिलिसेकंद. आता अंगठ्याला थांबायला वेळ मिळाला. 2001 साली 'हेलो'ने एक्सबॉक्सवर शूटर खेळणं सुसह्य केलं ते अशाच युक्त्यांनी. त्यात या चिकटपणाच्या जोडीला गोळीही जरा शत्रूकडे झुकत असे, आणि खेळणाऱ्याला वाटे आपला हात बसला.

भांडण लागतं ते दुसऱ्या प्रकारच्या असिस्टवरून. शत्रू बाजूला पळाला की दृश्य आपोआप थोडं त्याच्यामागे वळतं. पाच मीटरवर, सेकंदाला पाच मीटर वेगाने आडवा पळणारा माणूस सेकंदाला जवळजवळ 57 अंश सरकतो. उभा असलेला तो अचानक असा पळू लागला, तर माउसवाल्याला ते कळून हात वळेपर्यंतच्या 200 मिलिसेकंदांत नेम 11 अंशांनी मागे पडलेला असतो. असिस्टला हा उशीर नसतो, ते त्याच फ्रेमपासून वळतं. 25 मीटरवर हाच मागे पडण्याचा आकडा सव्वादोन अंश होतो. त्यामुळे जवळच्या हाणामारीत कंट्रोलरवाला भारी पडतो आणि लांबून माउसवाला, ही कुरकूर नुसती जळजळ नाही, त्यामागे हिशेब आहे. 'एपेक्स लेजंड्स'मध्ये रेस्पॉनने कन्सोलवर असिस्टची ताकद 0.6 आणि पीसीवाल्यांसोबत खेळताना 0.4 ठेवली होती. ऑगस्ट 2024 मध्ये पीसीच्या लॉबीत ती आणखी पाव हिश्शाने उतरवली. दोन्ही बाजू तेव्हाही नाराजच होत्या.

असिस्ट बिघडलं की ते कसं ओळखावं? भिंतीआड लपलेल्या शत्रूपाशी क्रॉसहेअर अडखळला, तर असिस्ट चुगली करतंय. फुगा लावण्याआधी शत्रू खरोखर दिसतोय का, हे तपासलेलं नाही. धुरातही तेच. दोन शत्रू एकमेकांना ओलांडून गेले आणि नेम भलत्याच्याच मागे गेला, तर 'आधी ज्याला धरलं त्यालाच धरून ठेव' हा नियम राहिला आहे. आणि कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला तरी दृश्य शत्रूमागे वळत असेल, तर ते असिस्ट राहिलं नाही, तो खेळ स्वतःच खेळतोय. कित्येक खेळांत काडी हलत असेल तरच हे वळणं सुरू होतं, ते यासाठी.

मोबाईलवर काचेला उंचवटा नाही, अंगठाच लक्ष्य झाकतो. म्हणून तिथे असिस्ट आणखी लागतं. पुण्याच्या सुपरगेमिंगच्या 'मास्कगन'मध्ये क्रॉसहेअर शत्रूवर आला की बंदूक आपोआप चालते. ट्रिगरचा प्रश्नच काढून टाकलेला. अशा खेळात स्प्रेड आणि झटका यांचं वजन वाढतं, कारण कुणी कधी गोळी सोडली हा फरकच उरत नाही. बीजीएमआयमधली मुरलेली पोरं उलट वाटेने गेली. ती फोन तिरका करून गायरोने नळी खाली दाबतात. फोन जितका वळवला तितकं दृश्य वळतं, म्हणजे गायरो काडीपेक्षा माउसच्या जातीचा. उभा झटका त्याने सहज पकडता येतो. बाजूचा झटका तितका पाठ करता येत नाही, म्हणून तो कमी करणाऱ्या ग्रिप आणि कॉम्पेन्सेटरसाठी लूटमार चालते.

माउस आणि काडी एकाच मैदानात सोडून दोघांनाही न्याय्य वाटेल असा असिस्टचा एक आकडा मला तरी अजून कुठे दिसलेला नाही. 2024 मध्ये रायटने 'व्हॅलोरंट' कन्सोलवर आणला, तेव्हा तो आकडा शोधण्याच्या भानगडीतच ते पडले नाहीत. तिथे कंट्रोलरवाले कंट्रोलरवाल्यांशीच भिडतात, आणि पीसीची लॉबी वेगळी.